साबुदाणा वडे तेलात फुटतात, तेल पितात: नेमकं कुठे बिघडतं आणि काय करायचं

उपासाला साबुदाणा वडे करायला घ्यावेत आणि कढईत टाकल्या टाकल्या तडतड सुरू व्हावी, तेल ओट्यावर उडतंय, एखादा वडा मधूनच उकलून सगळा साबुदाणा तेलात पसरलाय, आणि जे धड राहिले ते हातात घेतले तर बोटं तेलाने माखतायत, हे इतक्या घरांत होतं की बऱ्याच जणींनी वडे सोडून खिचडीवरच भागवायला सुरुवात केलीय. साहित्य सगळ्यांचं सारखंच असतं, साबुदाणा, उकडलेला बटाटा, दाण्याचं कूट, मिरची, जिरं, मीठ. त्यात फारसं काही चुकायला जागा नाही असं वाटतं, तरी चुकतं, आणि ते बहुतेक वेळा पाण्यामुळे चुकतं.

फुटणं आणि तेलकट होणं हे दोन वेगळे प्रॉब्लेम वाटतात म्हणून लोक त्यावर वेगवेगळे उपाय करत बसतात, फुटतोय म्हणून आच कमी करतात, मग तो तेल पितो, तेल पितोय म्हणून आच वाढवतात, मग तो फुटतो. मुळात काय होतं बघा. वडा गरम तेलात गेला की त्याच्या बाहेरच्या साबुदाण्याचं आणि बटाट्याचं एक कवच धरतं. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर यायला बघतं. ते पाणी सगळीकडे थोडं थोडं, एकसारखं मुरलेलं असेल तर वाफ कवचातून बारीक बारीक बुडबुड्यांनी निघून जाते आणि वडा कुरकुरीत होतो. पण तेच पाणी एखाद्या जागी साठलेलं असेल, म्हणजे अर्धवट भिजलेल्या दाण्याभोवती, बटाट्याच्या गाठीत, वडा थापताना आत राहिलेल्या पोकळीत, तर तिथली वाफ कवच फोडूनच बाहेर येते. आणि कवच वेळेवर धरलंच नाही, किंवा त्याला भेगा असल्या, तर तेल सरळ आत शिरतं.

वडे आत्ता कढईत फुटत असतील आणि तुम्ही हे वाचत असाल तर आधी एवढं करा, गॅस बारीक करा आणि दोन पावलं मागे व्हा. कढईवर घट्ट झाकण घालू नका, झाकणाला वाफेचं पाणी धरतं आणि ते थेंब तेलात पडले की आणखी उडतं. तेल उडू नये म्हणून मिळते ती स्टीलची जाळी असेल तर ती ठेवा. मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा. तडतड थांबली की मग लांब दांड्याच्या झाऱ्याने वडे काढा.

आता फुटलेला वडा फेकू नका. गार होऊ द्या आणि मोडून बघा, काय चुकलं ते त्यातच दिसतं. वडा अख्खा आहे पण पृष्ठभागावरचे सुटे सुटे दाणे फट्कन उडाले, आणि मोडल्यावर दाण्यांच्या मधे पांढरी कणी दिसतेय, तर साबुदाणा नीट भिजलेला नाही. वड्याच्या एका बाजूला भोक पडून आतला बटाटा बाहेर आलाय, तर आत पोकळी होती नाहीतर बटाट्याची ओली गाठ होती, किंवा वडा फार जाड होता. वडा फुटलाच नाही, नुसता विरघळत गेला आणि तेलावर फेस आला, तर मिश्रण ओलं होतं, बटाटा कमी पडला होता किंवा तेल तापलेलं नव्हतं. आणि वडा दिसायला छान, पण मोडल्यावर कडेचा सगळा भाग तेलाने ओला आणि मधला कोरडा, तर मिश्रणाचं बरंचसं ठीक आहे, तुमचं तळणं चुकलंय.

मागच्या महाशिवरात्रीला भाचीचा फोन आला होता, "मावशी, अगं वडे फुटतायत आणि जे राहिलेत ते नुसते तेलाने थबथबलेत, निम्मं पीठ अजून शिल्लक आहे, काय करू?" तिला म्हटलं गॅस बंद कर आणि एक वडा मोडून मला सांग काय दिसतंय. म्हणाली काही दाण्यांत पांढरा ठिपका आहे आणि काही दाण्यांचा लगदा झालाय. एकाच वड्यात दोन्ही! मग तिने काय काय केलं ते तिच्याकडून सगळं विचारून घेतलं. दोन वाट्या साबुदाणा, सकाळी उशीर झाला म्हणून कोमट नाही तर चांगल्या गरम पाण्यात दीड तास, उभ्या डब्यात, वर दोन बोटं पाणी ठेवून. मग ते पाणी ओतून दिलं. बटाटे फोडी करून पाण्यात उकडले आणि गरम असतानाच पावभाजीच्या मॅशरने दाबले. कूट जेमतेम तीन चमचे, तेही मिक्सरला बारीक पीठ केलेलं. अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, मिरची, सगळं एकदम घालून मळलं आणि गोळा फ्रिजमध्ये तासभर ठेवला, कुणीतरी सांगितलं होतं की गार पिठाचे वडे फुटत नाहीत. फ्रिजमधून काढून थेट कढईत, एका वेळी सात. यातल्या प्रत्येक गोष्टीने मिश्रणात कुठे ना कुठे जास्तीचं पाणी आणलं किंवा तेल गार केलं, म्हणून हीच यादी धरून पुढे जाऊ.

सगळ्यात आधी साबुदाणा, कारण निम्म्याहून जास्त वडे इथेच बिघडतात. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचं स्टार्च, आपल्याकडचा बराचसा तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो. ओलसर स्टार्चच्या गोळ्या करून त्या गरम पत्र्यावर भाजतात आणि मग उन्हात वाळवतात, त्यामुळे दाण्याचं बाहेरचं आवरण थोडं शिजलेलं असतं आणि आतलं कच्चं, कोरडं. गार पाणी त्या आवरणातून हळूहळू आत जातं आणि दाणा शेवटपर्यंत मऊ होतो. गरम पाणी घातलं की बाहेरचं स्टार्च लगेच फुगून चिकट होतं, आणि त्या चिकट थरामुळे पाणी आत पोचतच नाही. म्हणून भाचीच्या वड्यात लगदा पण होता आणि कणी पण. घाई असेल तर नुसतं कोमट, म्हणजे बोट बुडवून आरामात ठेवता येईल इतपत चालतं, पण तरीही दोन अडीच तास लागतातच. त्याहून कमी वेळ असेल तर त्या दिवशी वडे करू नका, सरळ बटाट्याचा कीस करा.

आधी साबुदाणा दोन तीन पाण्यांतून धुवा, दाणे एकमेकांवर हलके चोळा, वरचं पिठूळ पांढरं पाणी जायला पाहिजे, ते राहिलं तर मिश्रण खळीसारखं चिकट होतं. धुऊन झालं की सगळं पाणी निथळा आणि मग मोजून पाणी घाला. एक वाटी कोरड्या साबुदाण्याला साधारण पाऊण वाटी. भांड्यात बघितलं तर पाणी साबुदाण्याच्या बरोबरीने दिसलं पाहिजे, वर तरंगायला नको. खिचडीला आपण कधी कधी किंचित जास्त ठेवतो, वड्याला नको. दाणा जुना किंवा मोठा असेल तर आणखी दोन चमचे लागतील, ते मागाहून शिंपडता येतात, पण आधी जास्त घातलेलं काढून टाकता येत नाही, कारण ते दाण्याने प्यायलेलं असतं.

भांडं पसरट घ्या. ही गोष्ट फार कुणी सांगत नाही आणि फरक मात्र मोठा पडतो. उभ्या डब्यात भिजवला की खालचा थर पाण्यात बसून गच्च होतो आणि वरचा थर वाळून कडक राहतो, बाहेरून सगळा साबुदाणा पांढराशुभ्र फुगलेला दिसतो त्यामुळे कळत नाही. पसरट पातेल्यात किंवा परातीत पातळ थर करून वर झाकण ठेवायचं, तासाभराने एकदा हाताने खालीवर करायचं, पुन्हा झाकायचं. चार ते सहा तास, किंवा रात्री भिजवून सकाळी. तपासताना वरचा एक दाणा, मधला एक आणि तळाचा एक असे तिन्ही चिमटीत दाबून बघा. अंगठ्याखाली दाणा सपशेल चपटा झाला पाहिजे, मधे खडा लागता कामा नये, आणि बोटाला पाणी पण लागता कामा नये. नुसता वरचा दाबून झाला म्हणू नका.

खडा लागला तर दोन चमचे पाणी शिंपडा, हलवा, झाकून अजून अर्धा पाऊण तास ठेवा. उलट ओलसर वाटला तर चाळणीत निथळत ठेवून उपयोग थोडाच होतो, त्यापेक्षा सुती पंचावर पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवा आणि मधे एकदा हाताने मोकळा करा. पावसाळ्यात, म्हणजे आषाढी आणि श्रावणातल्या उपासांना, हवाच दमट असते तेव्हा हे वाळवणं जवळजवळ नेहमीच करावं लागतं. आणि दुकानात नायलॉन साबुदाणा म्हणून मिळतो, चिवड्याचा, तो वड्याला घेऊ नका, नेहमीचा खिचडीचाच घ्या.

बटाट्याचं काम दाण्यांना धरून ठेवायचं आहे, आणि ते तो कोरडा असेल तरच करतो. एक वाटी साबुदाण्याला दोन मध्यम बटाटे, वजन करायचंच तर २०० ग्रॅमच्या आसपास. जुना बटाटा घ्या, जो उकडल्यावर पिठूळ होतो. नव्या पातळ सालीच्या बटाट्यात पाणी जास्त असतं आणि तो चिकट होतो, त्याचे वडे मऊ पडतात. फ्रिजमध्ये बरेच दिवस ठेवलेला बटाटा पण टाळा, थंडीत त्यातल्या स्टार्चची थोडी साखर होते आणि वडा आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळपट तपकिरी दिसायला लागतो, मग आपण घाबरून लवकर काढतो.

उकडताना अख्खा, सालासकट, कुकरच्या भांड्यात पाणी न घालता, पाणी फक्त कुकरच्या तळाशी. फोडी करून पाण्यात उकडला तर त्या पाणी पितात, आणि तेच पाणी नंतर वडा फोडतं. शिजला की भांडं लगेच बाहेर काढा, गरम असतानाच सोला म्हणजे वाफ निघून जाते, पण मिश्रणात घालायचा तो पूर्ण गार झाल्यावर. गरम बटाट्याच्या वाफेने साबुदाणा अजून चिकट होतो. आणि कृपा करून मॅशरने दाबू नका, किसणीवर किसा. दाबलेल्या बटाट्यात हरभऱ्याएवढ्या गाठी राहतात आणि एका बाजूला भोक पडून जो वडा फुटतो तो बहुतेक अशाच गाठीपाशी फुटतो. किसलेला बटाटा साबुदाण्यात सगळीकडे सारखा पसरतो, मळायला पण जोर लागत नाही.

दाण्याचं कूट लोक चवीसाठी म्हणून घालतात आणि म्हणून कंजूषी करतात, पण ते मिश्रणातला सुटा ओलावा ओढून घेतं आणि दाण्यांना एकमेकांपासून थोडं लांब ठेवतं, त्यामुळे वाफेला वाट मिळते. एक वाटी साबुदाण्याला अर्धी वाटी कूट पाहिजेच. पाऊण वाटीच्या वर गेलात तर मात्र वडा भुसभुशीत होतो, कडा फाटतात आणि त्या भेगांतून तेल आत जातं. शेंगदाणे मंद आचेवर, सालं तडकेपर्यंत आणि आतून बदामी होईपर्यंत भाजा, पूर्ण गार करा, चोळून सालं पाखडून टाका आणि मिक्सरला थांबत थांबत फिरवा. रव्यापेक्षा जाड, मधे मधे अर्धा दाणा दिसेल असं कूट हवं. गरम दाणे फिरवले किंवा मिक्सर सलग चालवला की दाण्याचं तेल सुटतं आणि कुटाचा गोळा व्हायला लागतो, असं कूट ओलावा ओढत नाही, उलट मिश्रण सैल करतं. जाड अर्ध्या दाण्यांबद्दल एक सांगते, ते वड्याच्या पृष्ठभागावर टोकदार बाहेर आलेले नकोत, थापताना आत दाबून घ्या.

बाकी मसाल्यात फार वेळ घालवायला नको. हिरवी मिरची बारीक वाटा किंवा ठेचा, मोठा तुकडा तेलात उडतो. जिरं, आलं, कोथिंबीर तुमच्या घरी उपासाला जे चालतं ते. कोथिंबीर घालणार असाल तर धुऊन पूर्ण कोरडी झालेली, ओली कोथिंबीर म्हणजे पुन्हा पाणीच. साखर अर्धा चमचा पुरे, जास्त झाली की वडे भरभर लाल होतात. लिंबाचा रस मिश्रणात नकोच, आंबट हवं असेल तर दह्याच्या चटणीत घ्या. काही जणी खुसखुशीत व्हावे म्हणून चिमूटभर सोडा घालतात, तो तर अजिबात नको, वड्याला आतून जाळी पडते आणि ती सगळी तेलाने भरते.

मीठ शेवटी, तळायला तेल तापत ठेवल्यावर. मिठाने बटाट्याला आणि साबुदाण्याला पाणी सुटतं, मीठ घालून मिश्रण तासभर ठेवलं की हात लावल्यावर ते ओलसर आणि चिकट लागतं, भाचीच्या फ्रिजमधल्या गोळ्याचं हेच झालं होतं. आधी तयारी करून ठेवायची असेल तर साबुदाणा, बटाटा, कूट वेगवेगळं ठेवा किंवा बिनमिठाचं मिश्रण करून झाकून ठेवा. मळताना कणकेसारखं मळू नका, बोटांनी दाबत, गोळा करत एकत्र आणा. साधारण पाव भाग दाणे दाबले जाऊन चिकटपणा येतो तेवढा पुरतो, बाकीचे दाणे अख्खे दिसले पाहिजेत.

मग ही परीक्षा घ्या. लिंबाएवढा गोळा घेऊन तळहातावर चपटा करा. कड फाटली तर बटाटा कमी आहे, अर्धा बटाटा किसून घाला. हाताला चिकटून लोंबायला लागला तर ओलं आहे, दोन चमचे कूट आणि एक चमचा राजगिऱ्याचं किंवा शिंगाड्याचं पीठ घाला, वरईचं पीठ पण चालतं. ही पिठं जपून, वाटीला दोन चमच्यांच्या वर गेलात की वडा कडक आणि दडस होतो. गोळा चपटा होऊन कड गुळगुळीत राहिली आणि हात जवळजवळ कोरडा सुटला की झालं.

भाचीला तर करून बघायला नवीन साबुदाणा नव्हता, हातातलंच मिश्रण वाचवायचं होतं. तिला म्हटलं ते आधी ताटात पसर आणि पंख्याखाली वीस मिनिटं राहू दे, गारवा पण जाईल आणि ओल पण थोडी कमी होईल. घरात भाजलेले दाणे होते, त्यातलं जाडसर कूट अर्धी वाटी आणि राजगिऱ्याचं पीठ दोन चमचे. कणी राहिलेल्या दाण्यांचं काय करणार, ते आता मीठ मिरचीत भिजणार नाहीत, म्हणून वडे अगदी पातळ करायला लावले, जेमतेम एक सेंटीमीटर, आणि मधे बोटाने भोक पाडायला सांगितलं, मेदू वड्याला पाडतात तसं. पातळ वड्यात वाफेला जायला लांबचा रस्ता नसतो आणि भोकामुळे मधला भाग पण शिजतो. आधी एकच वडा तळ, म्हटलं. त्यातले एक दोन दाणे तडतडले पण वडा शाबूत राहिला. मग बाकीचे तिने तीन तीन करून तळले. कुरकुरीत झाले, आतून नेहमीइतके मऊ नव्हते, अशा मिश्रणाचे होणारही नाहीत, पण तेलकट नव्हते आणि तिच्या सासूबाईंनी दोनदा मागून घेतले.

तो एक आधीचा वडा मात्र सगळ्यांनीच तळून बघावा, मिश्रण कितीही छान जमलं असलं तरी. पंधरा वडे एकदम फुटण्यापेक्षा एक फुटलेला बरा, आणि त्याच्यावरून काय कमीजास्त करायचं ते कळतं.

थापताना हाताला पाणी लावू नका, तेलाचा किंवा तुपाचा हात घ्या. ओल्या हाताचं पाणी वड्याच्या पृष्ठभागावर राहतं आणि तेलात गेल्या गेल्या उडतं. गोळा आधी मुठीत दोनदा घट्ट दाबा म्हणजे आतली हवा जाते, मग चपटा करा, जाडी एक ते दीड सेंटीमीटर, आणि कड बोटाने फिरवून बंद करा. गोल चेंडूसारखे वडे दिसायला छान दिसतात पण फुटणाऱ्यांत तेच पुढे असतात, बाहेरचं कवच धरून लाल होतं तरी मधे पाणी तसंच असतं. एक वाटी साबुदाण्याचे मध्यम आकाराचे दहा बारा वडे होतात. थापून ठेवले तर एकावर एक ठेवू नका, आणि वाळू नयेत म्हणून वरून कोरडं फडकं टाका, ओलं नाही.

आता तेल. कढई खोल घ्या आणि निम्म्यापेक्षा कमी भरा. शेंगदाण्याचं तेल उपासाला चालतं आणि तळणाला पण चांगलं आहे. आदल्या दिवशीचं भजीचं तेल वापरू नका, उपासाला चालत नाही हे तर झालंच, पण वापरलेल्या तेलाला फेस येतो आणि ते पदार्थात जास्त मुरतं. थर्मामीटर असेल तर १७० ते १८० अंश सेल्सिअस. नसेल तर मिश्रणाचा वाटाण्याएवढा गोळा टाका. तळाशी जाऊन बसला आणि हलेचना, तर तेल गार आहे. टाकल्या टाकल्या वर उसळला आणि लगेच लाल झाला, तर फार तापलंय, गॅस बंद करून थोडं थांबा. तळाशी जाऊन तीन चार सेकंदांत बुडबुड्यांसकट वर आला की वडे सोडा.

वडे कढईच्या कडेने हलकेच सोडा, एका वेळी तीन किंवा चार. जास्त टाकले की तेल एकदम गार पडतं, कवच धरायला उशीर होतो आणि तेवढ्या वेळात तेल आत जातं, वडे फ्रिजमधून थेट टाकल्यावर पण हेच होतं. पहिली दीड दोन मिनिटं झारा लावूच नका. खालची बाजू धरलेली नसते, त्यात झारा लागला की वडा फाटतो आणि एकदा तेल आत शिरलं की मग काही करता येत नाही. आच मध्यम. सुरुवातीला खूप बुडबुडे येतात, ती आतल्या पाण्याची वाफ आहे, आणि ती जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत जायला फारसा वाव नसतो. बुडबुडे थोडे शांत झाले आणि कड सोनेरी दिसली की उलटा. दोन्ही बाजू मिळून पाच सहा मिनिटं लागतात. फार मोठ्या आचेवर तीन मिनिटांत लाल केलेला वडा आतून चिकट निघतो आणि ताटात पडल्यावर दहा मिनिटांत मऊ पडतो.

तेल सगळ्यात जास्त कधी शिरतं माहितीये का, वडा कढईतून काढल्यावर. आतली वाफ गार व्हायला लागते, आत ओढ तयार होते आणि वड्याच्या अंगाला लागलेलं तेल आत खेचलं जातं. म्हणून काढायच्या आधी अर्धा मिनिट आच थोडी वाढवा, गरम तेल पातळ असतं आणि पटकन निथळतं. झाऱ्यावर वडा घेऊन कढईच्या कडेला दोनदा झटका, थोडा उभा धरा, आणि लगेच जाळीच्या स्टँडवर किंवा चाळणीत उभे तिरके ठेवा. कागदावर एकावर एक रचून ठेवले तर खालचे वडे वाफेने मऊ होतात आणि त्याच तेलात बसून राहतात. टिश्यू पेपर टिपायला ठीक आहे, पण वडा काढल्या काढल्या, लगेच टिपून मग जाळीवर. प्रत्येक घाण्यानंतर तेलातले सुटे दाणे झाऱ्याने काढून टाका, ते जळतात आणि पुढच्या वड्यांना चिकटतात, आणि तेल पुन्हा तापू द्या, पुन्हा वाटाण्याएवढा गोळा टाकून बघा.

हे सगळं करूनही तळणाची भीती वाटत असेल, किंवा घरात कुणाला तेल चालत नसेल, तर हेच मिश्रण आप्पेपात्रात छान होतं, प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तेल, झाकण ठेवून मंद आचेवर चार पाच मिनिटं, मग उलटून झाकण न ठेवता. तिथे गोळे गोल असले तरी छोटे असतात आणि कवच हळू धरतं म्हणून फुटायची भीती फार नाही. चव मात्र कढईतल्या वड्याची येत नाही. एअर फ्रायरमध्ये वरून तेलाचा हात लावून होतात, पण कोरडे पडतात, गरम गरमच खावे लागतात.

मिश्रण उरलं तर मीठ घातलेलं असल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याचे वडे करू नका, ते ओलं झालेलं असतंच. त्यात थोडं राजगिऱ्याचं पीठ घालून त्याच दिवशी संध्याकाळी तव्यावर थालीपीठ थापा, मधे भोक पाडून तूप सोडा, झाकण ठेवा, आणि कडा सुटल्या की उलटा.